बाहेरचा तास, आतला हिशेब

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या माणसाचा घसा शिकवण्याने बसत नाही. तो बसतो "खाली बस रे", "वही कुठाय तुझी?", "मागे काय चाललंय?", "होऊ दे तुमचं, मी थांबते" या वाक्यांनी. फळ्यावर अर्धं गणित लिहून वळावं, तर तिसऱ्या रांगेत पट्टीची तलवार झालेली असते. ती म्यान करायला लावून परत फळ्याकडे वळेपर्यंत गणिताचा धागा माझ्याही हातून सुटलेला असतो, मुलांच्या तर सुटलेला असतोच. आम्ही शिक्षक या वाक्यांबद्दल रोज कुरकुर करतो. पण ती मोजावीत असं आमच्यापैकी कुणाला सुचल्याचं मला आठवत नाही.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मिंग क्वो नावाच्या बाई आहेत. झाडं, हिरवळ आणि माणसाचं लक्ष यांचा संबंध हा त्यांचा वर्षानुवर्षांचा विषय. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नेमकी हीच वाक्यं मोजली. २०१८ साली त्यांचा तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निसर्गात शिकण्याविषयी पुष्कळ गोड-गोड लिहिलं जातं आणि ते वाचून मला सहसा जांभई येते. हा अभ्यास मात्र मी दोनदा वाचला, कारण त्यातला प्रश्न एखाद्या शिक्षकालाच पडावा असा होता. मुलं झाडाखाली किती रमतात, हे त्यांना विचारायचंच नव्हतं. ती रमतात हे कुणालाही दिसतं. त्यांना विचारायचं होतं ते हे, की बाहेरून आत आल्यावर पुढच्या तासाला काय होतं?

कारण शिक्षकाची खरी भीती तीच असते. एकदा बाहेर सोडलेली पोरं आत येऊन बसतात कुठली? हुंदडून आलेली मुलं गणिताला टेकणारच नाहीत, अर्धा तास बाहेर गेला आणि पुढचा अर्धा तास त्यांना शांत करण्यात गेला, अशी भीती. आमच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. सरांचं म्हणणं अगदी याच शब्दांत असतं.

त्या प्रयोगात तिसरीचे दोन वर्ग होते, मुलं नऊ-दहा वर्षांची. दोन वर्गांच्या दोन शिक्षिका. दहा आठवडे असं चाललं, की दर आठवड्याला एकाच विषयावरचे दोन धडे घ्यायचे. एक वर्गात, एक शाळेलगतच्या गवताळ जागेत. शिक्षिका तीच, मुलं तीच, शिकवण्याची पद्धत तीच, दिवसातली वेळही तीच. म्हणजे वर्गात रटाळ पाठांतर आणि बाहेर मजेचा खेळ अशी लबाडी नाही. धडा झाला की मुलं आपापल्या वर्गात येत आणि नेहमीचा अभ्यास सुरू होई. खरी मोजणी इथे सुरू व्हायची. वीस मिनिटांच्या त्या अवधीत शिक्षिकेला शिकवणं थांबवून मुलांना किती वेळा जागेवर आणावं लागलं, हे तिसऱ्याच माणसाने टिपायचं. शिवाय वर्गाचे फोटो काढले जात. ते नंतर अशा व्यक्तीला दाखवले, जिला कुठला फोटो बाहेरच्या धड्यानंतरचा आणि कुठला आतल्या धड्यानंतरचा हे ठाऊकच नव्हतं. त्या व्यक्तीने फक्त सांगायचं की हा वर्ग कामात किती गुंतलेला दिसतो.

निकाल असा आला. वर्गातल्या धड्यानंतर शिक्षिकेला साधारण दर साडेतीन मिनिटांनी थांबून कुणाला ना कुणाला टोकावं लागत होतं. बाहेरच्या धड्यानंतर ते अंतर साडेसहा मिनिटांवर गेलं. आपल्या भाषेत बोलायचं तर पस्तीस मिनिटांच्या तासात दहा वेळा टोकणं आणि पाच-सहा वेळा टोकणं, एवढा हा फरक. ज्याने कधी वर्ग घेतलेला नाही त्याला तो किरकोळ वाटेल. ज्याने घेतलाय त्याला विचारा.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात राहिल्या. एक म्हणजे, पहिल्या पाच आठवड्यांत जेवढा फरक दिसला तेवढाच शेवटच्या पाच आठवड्यांतही दिसला. नव्याची नवलाई असती तर ती पाच आठवड्यांत ओसरली असती. दुसरी गोष्ट जास्त मजेची. मुलांनाही विचारलं होतं, की तुमच्या वर्गाचं लक्ष कसं होतं? मुलांच्या उत्तरांत काहीच फरक आला नाही. टोकणं निम्म्यावर आलं, फोटोंत दिसलं, शिक्षिकांना जाणवलं, पण मुलांच्या मते सगळं नेहमीसारखंच. मला यात नवल वाटलं नाही. "आज लक्ष होतं का?" असं विचारलं तर आमच्याकडेही सगळा वर्ग एका सुरात "हो बाईऽऽ" म्हणतो, त्यात डोकं बाकावर टेकवून झोपलेलाही असतो.

तर, असं का व्हावं?

याचं आज सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उत्तर मिशिगनच्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याचं आहे. १९८९ साली त्यांनी ते पुस्तकात सविस्तर मांडलं. ते समजावायला मला आमची हातच्याची वजाबाकी बरी पडते. ४०३ वजा १५८ घ्या. तीनातून आठ जात नाहीत. शेजारी दशकाकडे जावं तर तिथे शून्य. मग शतकाकडे जायचं, चारातला एक आणायचा, तिथे तीन उरले हे लक्षात ठेवायचं. दशकाच्या घरी दहा झाले, त्यातला एक एककाला दिला, दशकाकडे नऊ राहिले हेही लक्षात ठेवायचं. आता एककाचे तेरा, त्यातून आठ गेले, पाच. हे सगळं आठ वर्षांच्या मुलीने डोक्यात धरून ठेवायचं, आणि ते धरून ठेवत असताना शेजारणीचा खोडरबर, बाहेरून जाणारा भंगारवाला आणि स्वयंपाकघरातून येणारा खिचडीचा वास हे सगळं बाजूला सारायचं. हे बाजूला सारणं हेच खरे कष्ट. कॅप्लन म्हणतात, असं ओढून लावलेलं लक्ष थकतं. थकलं की माणूस चिडचिडा होतो, घाईघाईत काहीतरी लिहून मोकळा होतो, किंवा पट्टीची तलवार करतो.

लक्षाचा दुसरा प्रकार आपसूक लागणारा. मुंग्यांची रांग बघताना ते कुणाला ओढून लावावं लागत नाही. ते लागलेलं असताना पहिल्या प्रकारच्या लक्षाला विसावा मिळतो, असा हा विचार. मात्र इथे एक बारकावा आहे आणि तो फार वेळा सुटतो. मोबाइलवरचं कार्टूनही आपसूकच लक्ष खेचतं. खो-खोचा अटीतटीचा डावही खेचतो. पण ते मुठीत धरून खेचणं आहे, त्यात मनाला हलायला जागा उरत नाही. वाऱ्याने हलणारी पानं, ढगाची सावली, सालीवरून वर चढणारा किडा यांचं खेचणं हलकं असतं. ते बघता बघता मूल दुसरंही काहीतरी मनात घोळवू शकतं. म्हणून "मुलांना मैदानावर सोडलं, झालं काम" हे या विचारात बसत नाही. मैदान हवंच, त्याचे फायदे वेगळे आहेत. पण मैदानावरच्या दंग्याची आणि झाडाखालच्या तासाची गल्लत केली की मग "आम्ही करून पाहिलं, काही उपयोग नाही" असं ऐकायला मिळतं.

याच क्वो बाईंचा अँड्रिया फेबर टेलर यांच्यासोबतचा २००९ सालचा एक छोटा अभ्यास इथे आठवतो. ज्यांना एका जागी टिकणं आणि लक्ष धरणं आजार म्हणावा इतकं अवघड जातं, अशी सात ते बारा वयाची सतरा मुलं. प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या वेळी वीस मिनिटं चालायला नेलं. एकदा बागेत, एकदा शहराच्या गजबजाटात, एकदा वस्तीतल्या रस्त्याने. आल्यावर एक साधी चाचणी. चार-सात-दोन असे आकडे ऐकवायचे आणि मुलाने ते उलटे म्हणायचे, दोन-सात-चार. आकडे वाढवत न्यायचे. चाचणी घेणाऱ्याला मूल कुठून आलंय ते माहीत नव्हतं. बागेतून आल्यावर मुलांना हे उलटे आकडे जास्त चांगले जमले. इथे चालणं तिन्हीकडे सारखंच होतं, म्हणजे फरक नुसत्या पायपिटीचा नव्हता. फक्त सतराच मुलं, हे मात्र विसरायचं नाही. उलट्या आकड्यांचा हा खेळ वर्गात घेऊन बघा, मुलांना भारी आवडतो आणि कुणाचं डोकं आज शिणलंय हे दोन मिनिटांत कळतं.

आमच्या शाळेच्या मागे एक करंज आहे. कुणी लावला माहीत नाही, पण शाळेच्या इमारतीपेक्षा जुना असावा. त्याच्याखाली माझे पंचवीसेक विद्यार्थी दाटीवाटीने का होईना, बसतात. मी तिथे परिसर अभ्यासाचा तास घ्यायला लागले आणि त्यानंतरच्या तासाला गणित ठेवलं. वेळापत्रकात एवढीच अदलाबदल.

त्या तासाला काय करतो ते एकदा नीट सांगते, कारण "झाडाखाली शिकवलं" एवढ्याने काहीच कळत नाही. धडा पानांचा. आधी काही बोलायचं नाही. प्रत्येकाने एक पान निवडायचं, तोडायचं नाही, फांदीवरच बघायचं. करंजाचं पान म्हणजे एक देठ आणि त्यावर समोरासमोर लागलेल्या पर्णिका, टोकाला एक एकटी. मुलं आधी प्रत्येक पर्णिकेलाच पान म्हणतात. देठाचा बुंधा कुठे आहे, कळी कुठे आहे हे बघता बघता त्यांचं त्यांनाच लक्षात येतं की आपण ज्याला पाच पानं म्हणतोय ते एकच पान आहे. मग मोजायचं. कुणाचे पाच, कुणाचे सात, क्वचित नऊ. कुणाचे सहा आले की वाद. एक मुलगी म्हणाली, "सहा असूच शकत नाहीत, एक पडलं असणार." तिने देठ उन्हात धरला आणि पडलेल्या पर्णिकेचा वण शोधून दाखवला. सम-विषम संख्यांवर मी फळ्यापुढे जेवढं बोलले असेन, त्याहून ते जास्त पक्कं झालं.

आणि गाठी. करंजाच्या पर्णिकांवर बोटासारखे हिरवट-पिवळे उंचवटे येतात. बहुतेक करंजांवर थोडे तरी सापडतात. मुलांना ती फळं वाटतात, किड्याची अंडी वाटतात, एकाला ते देवीचे फोड वाटले. खरं म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या दूरच्या नात्यातला एक जीव पानाचा रस शोषतो आणि पान त्याच्याभोवती ही घरं वाढवतं. जीव दिसत नाही, घर दिसतं. वहीत तीन रकाने आखायचे. गाठी नसलेल्या पर्णिका, थोड्या गाठींच्या, गच्च भरलेल्या. खालच्या फांदीवर जास्त की वरच्या? उन्हाकडच्या बाजूला जास्त की सावलीकडच्या? मुलं मोजतात, बोलतात, मधूनच कुणी वर बघत बसतं. वर बघत बसणाऱ्याला मी टोकत नाही. वर्गात छताकडे बघणाऱ्याला टोकते, हे खरं.

हाच धडा मी वर्गातही घेतला. करंजाच्या फांद्या वर्तमानपत्रावर पसरून, तेच रकाने, तेवढाच वेळ. धडा म्हणून तो काही वाईट झाला नाही, मुलं रमलीच. फरक दिसला तो पुढच्या गणिताला.

मोजायला माझ्याकडे कॅमेरा नव्हता, चिंचोके होते. साडीला खिसा नसतो म्हणून टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. टोकलं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. लगेच त्यातली गोम कळली. बाहेरून आलेल्या दिवशी मला स्वतःलाच टोकायचं कमी वाटायचं. मनात कुठेतरी कौल लागलेला असायचा, शिवाय मीही अर्धा तास सावलीत उभी राहून ताजीतवानी झालेली असायची. सुदैवाने त्या वर्षी आमच्याकडे डी.एड.ची एक छात्राध्यापिका आंतरवासितेला होती. ती सकाळचा वेळ सरांच्या वर्गात असे आणि छोट्या सुट्टीनंतर माझ्याकडे येऊन मागे बसे. मुलांनी तिला सकाळचं काही सांगायचं नाही, असं ठरवलं. तिसरीच्या मुलांनी गुपित पाळलं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं यश वाटतं. तिने रेघा मारल्या. काय धरायचं आणि काय नाही ते आधी ठरवलं होतं. मुलाने प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं, ते टोकणं नाही. "हळू बोला" हे टोकणं. कुणाकडे नुसतं रोखून बघितलं आणि तो सरळ बसला, तर तेही टोकणं.

तिच्या रेघा बाहेरच्या दिवसांनंतर कमी भरत. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. आणि ज्या दिवशी भरत नसत त्या दिवसांकडे बघूनच मी जास्त शिकले.

सुरुवातीच्या दिवसांत तर रेघा उलट वाढल्या. बाहेर जाणं म्हणजे सहल, असं मुलांच्या अंगात भिनलेलं असतं. वर्षातून एकदा नेलं तर ती सहलच होते. डोळ्यांना सगळंच नवं, म्हणून कशावरच ठरत नाहीत. त्याच झाडाखाली, त्याच वारी, तशाच जागेवर पुन:पुन्हा बसल्यावर त्यातलं नवेपण गेलं आणि मग कुठे मुलं पानाकडे बघायला लागली. म्हणून मला दूरच्या देवराईपेक्षा शाळेमागचा करंज बरा वाटतो. जागा मुलांना कंटाळा येईल इतकी ओळखीची व्हावी लागते, आणि गंमत अशी की झाडाचा तसा कंटाळा येत नाही, कारण झाड स्वतःच आठवड्याला बदललेलं असतं.

दुसरं, परत येतानाची पाच मिनिटं. झाडाखालून थेट गणिताच्या पुस्तकावर मुलांना आणून आदळलं की बिघडतं. आता आम्ही नळावर हात धुतो, पाणी पितो, व्हरांड्यातून एकामागोमाग येतो आणि बसल्यावर लगेच अवघड उदाहरण न देता आदल्या दिवशीचं सोपं एक सोडवतो. त्या वेळात माझाही आवाज खाली येतो. बाहेर वरच्या पट्टीत बोलायची सवय लागलेली असते आणि आत आल्यावर मी त्याच पट्टीत बोलत राहिले तर वर्गही त्याच पट्टीत बोलतो.

तिसरं कारण आमच्या हातातलं नव्हतं. शेजारच्या रस्त्याचं काम निघालं आणि मशिनची धडधड थेट करंजापर्यंत यायला लागली. झाड तेच, सावली तीच, पण त्या काळात बाहेरच्या तासाचा मागमूस गणितात उरेना. मुलं मशिनकडेच बघत, आणि मशिनचं खेचणं काही हलकं नसतं. धूळ वेगळीच. यावरून बार्सिलोनाच्या शाळांचा मोठा अभ्यास आठवतो, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. छत्तीस प्राथमिक शाळा, सात ते दहा वयाची अडीच हजारांहून जास्त मुलं, वर्षभर ठरावीक काळाने संगणकावर घेतलेल्या चाचण्या. शाळेच्या आवारात आणि आसपास हिरवाई जास्त होती तिथल्या मुलांची डोक्यात गोष्ट धरून ठेवण्याची क्षमता वर्षभरात जास्त वाढली आणि लक्ष उडण्याचं प्रमाण जास्त कमी झालं. पण त्याच संशोधकांनी हेही दाखवलं की यातला बराचसा भाग वाहनांच्या धुराच्या हिशेबात जातो. हिरवाई जिथे जास्त, तिथे काजळी कमी. म्हणजे पान बघण्याचा फायदा किती आणि श्वासात काजळी कमी जाण्याचा किती, हे दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. हमरस्त्याला चिकटलेल्या शाळेने ऐन वाहतुकीच्या वेळी रस्त्याकडेच्या झाडाखाली वर्ग भरवला तर काय कमावलं आणि काय गमावलं, याचा विचार करावा लागेल. तिथे मी मागच्या अंगणातल्या दोन कुंड्यांपाशी बसेन.

क्वो बाईंच्या प्रयोगालाही हीच मर्यादा आहे. बाहेर जाणं म्हणजे एकाच वेळी चालणं, मोकळी हवा, उजेड, वर्गातून सुटका, शिक्षिकेचा बदललेला मूड आणि झाडं. हे सगळं एकत्रच घडतं. त्यातलं नेमकं काय लागू पडलं, हे त्या प्रयोगातून सुटं काढता येत नाही. शाळाही एकच होती. लक्षाच्या सगळ्या प्रकारच्या चाचण्यांत सगळीकडे असाच निकाल येतो, असंही नाही. मला शिक्षिका म्हणून त्याचं फार वाटत नाही, कारण मला ते सुटं करायचं नाहीये. पण "झाडाखाली बसवा, हुशारी वाढते" असं कुणी फलकावर लिहायला लागलं तर मी तो फलक पुसेन.

लक्षाचं झालं. मुलांना बरं वाटतं का, हा प्रश्न जास्त निसरडा आहे, कारण बरं वाटणं मोजायचं कशाने? जर्मनीत एका शाळेत ते लाळेने मोजलं. आठवड्यातला एक दिवस जंगलात शाळा भरवणारा गट आणि नेहमीच्या वर्गात बसणारा गट, पाचवी-सहावीची मुलं. ताणाशी जोडलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरायला हवं. जंगलातल्या दिवशी मुलांच्या लाळेत ते नीट उतरताना दिसलं, वर्गातल्या मुलांत तसं उतरलं नाही. मुलं दोन्ही गट मिळून पन्नासच्या आतबाहेर, त्यामुळे संशोधकांनीही याला खुणा एवढंच म्हटलं. मलाही तो शब्द पटतो.

माझ्याकडे लाळ मोजायची सोय नाही, पण पोटदुखी आहे. गणिताच्या तासाला ज्यांचं पोट दुखतं अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ते दुखणं खोटं नसतं. अशीच एक मुलगी होती, तिसरीतली, ऊसतोडीच्या हंगामामुळे मधले काही महिने गावाबाहेर गेलेली. परत आल्यावर वर्गात ती तोंड उघडत नसे. तिचं बरंच बुडालं होतं आणि ते तिला पक्कं माहीत होतं. करंजाखाली तिने सगळ्यांत आधी दाखवलं की गाठी कोवळ्या पानांवरसुद्धा आहेत, फक्त बारीक आहेत. उसाच्या फडात राहून आलेल्या पोरीची नजर ती. मग शेजारचे तिला विचारायला लागले. तिची वजाबाकी त्याने सुधारली, असं मी म्हणणार नाही. वजाबाकीसाठी तिला वेगळं बसवावंच लागलं, शाळा सुटल्यावर, बरेच दिवस. पण पोट दुखायचं थांबलं, आणि वेगळं बसायला ती कुरकुर न करता यायची. बाहेरचा तास जे करतो ते एवढंच असावं. तो गणित शिकवत नाही, शिकायला बसण्याजोगी अवस्था आणतो. गणित आपल्यालाच शिकवावं लागतं.

आपल्याकडे शाळा बाहेर नेण्याचा विषय निघाला की कोसबाडचं नाव निघतंच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. पण तिचा हेतू वेगळा होता. तिथे मुलं आधीच झाडाखाली होती आणि शाळा त्यांच्यापर्यंत पोचायची होती. आज माझ्या वर्गातल्या मुलांचं उलट आहे. गाव तेच, पण शाळा सुटल्यावर घरी मोबाइल, संध्याकाळी शिकवणी, अंगणात फरशी. खेड्यातली मुलं निसर्गातच वाढतात, असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी करंजाची शेंग फोडून कधी पाहिली नव्हती.

अडचणी आहेतच. उन्हाळ्याच्या तोंडावर करंजाची पानं झडतात आणि नवी पालवी फुटेपर्यंत नेमकी सावली जाते. मार्चनंतर शाळा सकाळची झाली की पहिल्या तासालाच बाहेर बसता येतं, नंतर उन्हाचा चटका. पावसाळ्यात जमीन ओली, मग व्हरांड्याच्या कडेला पाय सोडून बसायचं आणि पागोळ्यांखालचे खड्डे मोजायचे. दर तासाआधी झाडाखाली एक फेरी मारायची, वर मोहोळ बसलंय का बघायचं, खाली लाल मुंग्या आहेत का बघायचं. एकदा मोहोळ बसलं तेव्हा आम्ही दीड महिना तिकडे फिरकलो नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांची औषधं दप्तरात न ठेवता माझ्या पिशवीत. आणि पालक. "बाई, पोरं बाहेर बसवता, अभ्यास कधी घेता?" हा प्रश्न येणारच. त्यावर मी भाषण देत नाही, तीन रकान्यांची वही दाखवते आणि मग गणिताची वही दाखवते.

सरांना मी छात्राध्यापिकेच्या रेघांचे कागद दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "तुमच्या मुलांचं ठीक आहे हो, मोठी आहेत. पहिलीची पोरं पान तोंडात घालतात." ते खोटं नाही. करंजाचं बी खाल्लं तर उलट्या होतात, त्यामुळे पहिलीला तिथे न्यायचं तर आधी खालच्या शेंगा झाडून काढाव्या लागतात. तरी दिवाळीनंतर त्यांनी शुक्रवारचा तास मागून घेतला. परिसर अभ्यासाला नाही, वाचनाला. त्यांचं मत असं पडलं की वाचन बाहेर जमत नाही, पोरांचा आवाज वाऱ्यावर जातो आणि बोट ओळीवरून सुटतं. मग त्यांनी वाचन आत आणलं आणि बाहेर फक्त बडबडगीतं आणि शेंगांवरून दहापर्यंत मोजणं ठेवलं. त्यानंतरच्या तासाला आत अक्षरं गिरवायला बसवतात. फरक पडतो का, असं मी विचारलं. "मोजलं नाही," म्हणाले. चिंचोके देऊ केले, ते नको म्हणाले. शुक्रवार मात्र सोडायला तयार नाहीत.